ट्रंक कॉलचा हॉल | ऐका

ती दिवसभर कानाच्या यंत्रांच्या दुकानात बसायची. म्हाताऱ्या माणसांना हेडफोन लावून विचारायची, "आता ऐकू येतंय का, आजोबा?" सुट्टीच्या दिवशी ती बंद पडलेल्या जागांचे आवाज टिपायची आणि स्वतःच्या चॅनलवर टाकायची. गळणारे नळ, रिकामे जिने, पंखे. शेजारीपाजारी तिला 'कानवाली' म्हणत आणि तिला ते आवडायचं.

तिची आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे फोन, म्हणजे ट्रंक कॉल, जोडून देणारी ऑपरेटर होती. आयुष्यभर तिनं परक्या लोकांचे आवाज जोडून दिले. तिचा स्वतःचा आवाज मात्र कुठेच राहिला नाही. ना कॅसेट, ना फोनमधला एखादा निरोप. ती गेल्यावर हे कानवालीच्या लक्षात आलं आणि त्यानंतर तिला चैन पडलं नाही.

एक्स्चेंजची इमारत पाडणार असल्याचं कळलं, तेव्हा तिनं एका फोटोग्राफरला ईमेल लिहिला. तो लग्नाचे फोटो काढायचा आणि फावल्या वेळात जुन्या इमारतींचे व्हिडिओ करायचा. दोघांची ओळख नव्हती.

"नमस्कार. एकाच हॉलचे दोन व्हिडिओ करू या का? चित्र तुमचं, आवाज माझा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच वेळी टाकू आणि खाली एकमेकांची लिंक देऊ. शीर्षकाचा साचा एकच ठेवू. तुमचं: 'ट्रंक कॉलचा हॉल | पाहा'. माझं: 'ट्रंक कॉलचा हॉल | ऐका'. टॅगही दोघांचे तेच: टेलिफोन एक्स्चेंज, ट्रंक कॉल, ऑपरेटर, जुने फोन, बंद इमारत. एक विनंती, भूत आणि झपाटलेलं हे शब्द कुठेही नकोत. माझी आई तिथे कामाला होती."

त्याचं उत्तर आलं. "टॅगनं तसंही फार फरक पडत नाही, ताई, लोक शीर्षक बघून येतात. भूत नसेल तर कमी येतील. पण साचा मान्य. पक्कं."

मालकाची परवानगी काढून दोघं गेले. रखवालदारानं कुलूप उघडलं आणि तो बाहेरच थांबला. हॉलमध्ये फोन जोडायचा लांबलचक बोर्ड होता. त्याच्यासमोर उंच खुर्च्या होत्या आणि एकीच्या पाठीवर कुणीतरी विसरलेला स्वेटर होता. फोटोग्राफरनं आधी सगळं चित्रित केलं. मग तो बाहेर गेला, आणि कानवालीनं मायक्रोफोन लावून तिथेच श्वास रोखून बसून रेकॉर्डिंग केलं. तिला काहीच ऐकू आलं नाही.

दुकानात परतून तिनं हेडफोन लावून ते ऐकलं. कुणीतरी बाई तोंड मिटून गुणगुणत होती. थांबत होती. पुन्हा गुणगुणत होती.

तिनं फोटोग्राफरला ते पाठवलं. त्याचा लगेच फोन आला.

"हा तुमचा आवाज?"

"नाही हो."

"ताई, ऐका माझं. शीर्षक बदलू. 'एक्स्चेंजमधली बाई'. लाखो लोक बघतील."

"आणि माझ्या आईला भूत म्हणतील."

"आईचाच आहे का तो?"

आईला गुणगुणताना तिनं ऐकलं होतं की नव्हतं, हेच तिला आठवेना. "साचा ठरलाय," एवढंच ती म्हणाली.

तो नाराज झाला, पण शब्दाला जागला. दोन्ही व्हिडिओ ठरल्याप्रमाणे गेले. बघणारे अगदी मोजके निघाले.

मग एका बाईंची कमेंट आली आणि पाठोपाठ, चॅनलवर दिलेल्या दुकानाच्या नंबरावर, त्यांचा फोन. निवृत्त ऑपरेटर होत्या; व्हिडिओखाली कानवालीनं लिहिलेलं आईचं नाव त्यांनी ओळखलं होतं.

"ट्रंक कॉल असं शोधत होते, पोरी. आधी तो पाहायचा व्हिडिओ लागला. तसंच नाव खाली दिसलं म्हणून तुझा ऐकला. भुताखेताचं काही असतं तर मी हात लावला नसता."

"मावशी, त्यातला तो आवाज..."

"अगं, तो वारा! बोर्डाच्या टोकाशी केबलची खोली होती ना, तिथून यायचा. आम्ही त्याला 'जादाची ऑपरेटर' म्हणायचो. तुझी आई तर त्याला हटकून म्हणायची, 'बाई, लाइन मोकळी करा.' आम्ही हसून हसून लोळायचो."

कानवाली हसली आणि रडलीही. आईनं केलेली थट्टा तिला पहिल्यांदाच कुणीतरी ऐकवत होतं.

"म्हणजे वाराच," ती म्हणाली.

"हो तर. पण त्या खोलीचं दार उघडं लागतं हं. बंद असलं की चिडीचूप."

फोन ठेवून तिनं फोटोग्राफरचा व्हिडिओ लावला. बोर्डाच्या टोकाला त्या खोलीच्या दाराची चौकट दिसत होती. ती विटांनी पक्की बुजवलेली होती. वर सिमेंटचा गिलावाही होता.

तिनं त्याला फोन करून सांगितलं. त्यानं स्वतःचा व्हिडिओ पुन्हा लावून बघितला.

"आता तरी शीर्षक बदलू या?"

"नको," ती म्हणाली. "आईला ओळखणारी माणसं त्याच नावानं येतात."

इमारत पडली. ते रेकॉर्डिंग ती अधूनमधून लावते, दुकानात गिऱ्हाईक नसताना. गुणगुणणं थांबतं, तिथे 'लाइन मोकळी करा' ऐकू येईल म्हणून ती हेडफोन जरा दाबून धरते.