सातवा नियम

परीक्षकांचा परिचय करून द्यायला मला मनापासून आवडतं. पाहुणे स्वतःबद्दल दोन ओळी पाठवतात आणि मी त्यात मीठमसाला घालून दहा ओळी करते. स्टाफरूममध्ये माझी नक्कल होते हे मला ठाऊक आहे. कुणीतरी हात जोडून, मान वाकडी करून म्हणतं, ‘आणि आता ज्यांच्यापुढे विशेषणंही थकतात…’ की सगळ्या खो खो हसतात. हसू देत. कांदिवलीच्या आमच्या मराठी शाळेत दरवर्षी आंतरशालेय वादविवाद स्पर्धा होते आणि माईक अजून माझ्याच हातात असतो.

स्पर्धेचे नियमही मीच लिहिलेले. एकूण आठ. त्यातला सातवा जरा रागात लिहिलाय. एका वर्षी दुसऱ्या एका शाळेत आमची मुलं हरली आणि मागाहून कळलं की तिथले एक परीक्षक त्याच यजमान शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. मी तिथे असा काही आवाज चढवला की आमच्याच मुलांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. घरी आल्या आल्या मी आमच्या परिपत्रकात नियम घातला: परीक्षक हे कोणत्याही सहभागी शाळेचे आजी-माजी विद्यार्थी किंवा शिक्षक नसतील. तेव्हा फार बरं वाटलं होतं.

ह्या वर्षी स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तिसऱ्या परीक्षकांचा फोन आला, ताप आहे, उठवत नाही. मुख्याध्यापक सर आणि मी तासभर फोन फिरवले. शनिवारी सकाळी कोण मोकळं असतं? शेवटी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. आता ती कोर्टात वकिली करते, बोलते फार छान.

“बाई, येईन मी,” ती म्हणाली, “पण स्पर्धेत आपली शाळा पण आहे ना? मी चालेन?”

“अगं, तू काय आपलं-परकं करणार आहेस का? ये तू गुपचूप.”

‘गुपचूप’ हा शब्द आपसूक तोंडातून गेला. सातवा नियम मला आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. पण तो इतरांसाठी आहे, असं मी स्वतःला पटवलं. ही मुलगी गुण देताना सख्ख्या भावालाही सोडणार नाही हे मला माहीत होतं, तेवढं मला पुरेसं वाटलं.

सरांनी मात्र बजावलं. “बाई, उद्या परिचय तीन ओळींत. वकील आहेत, एवढंच. शाळेचा विषय काढू नका. आणि नियमही थोडक्यात आटपा.”

स्पर्धा ठरल्या दिवशीच व्हावी असा माझा आटापिटा होता तो एका मुलीमुळे. दहावीतली, दहिसरच्या चाळीतून येणारी, शिडशिडीत आणि भलती हट्टी. आठवीत आणि नववीत, दोन्ही वर्षं तिचा दुसरा नंबर आला होता. हे शेवटचं वर्ष. दोन महिने रोज शाळा सुटल्यावर आम्ही दोघी रिकाम्या वर्गात तयारी करत होतो. विषय होता ‘शाळेत मोबाईल वापरायला परवानगी असावी’ आणि ती प्रतिकूल बाजूने बोलणार होती. तिचे वडील साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात. लेकीचं भाषण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. ह्या वेळी ते अर्धा दिवस रजा टाकून आले होते आणि सभागृहाच्या दाराशी, शेवटच्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते.

सकाळी स्पर्धा सुरू झाली. आमच्याकडे वक्त्यांना चिठ्ठ्या टाकून क्रमांक देतात, शाळेचं नाव घ्यायचं नाही असा दंडक आहे. पण मुलं गणवेशात येतात, त्यामुळे कोण कुठलं ते आंधळ्यालाही कळावं. मी माईक हातात घेतला. पहिले परीक्षक निवृत्त प्राध्यापक, ते मुख्य परीक्षक. तीन ओळी. दुसऱ्या आकाशवाणीवर निवेदन करणाऱ्या. तीन ओळी. सर समाधानाने मान हलवत होते.

“आणि तिसऱ्या परीक्षक व्यवसायाने वकील आहेत.”

इथे थांबायला हवं होतं. पण ती समोर बसली होती, कडक इस्त्रीची साडी, ताठ मान, पुढ्यात गुणपत्रिका. आणि मला एकदम पाचवीतली ती आठवली. माझा ऊर भरून आला आणि जीभ सुटली.

“आणि सांगायला अभिमान वाटतो, की ह्याच व्यासपीठावर, ह्याच माईकसमोर पाचवीत असताना भोकाड पसरणारी ही आमची विद्यार्थिनी आज…”

टाळ्या कडाडल्या. पहिल्या रांगेत सरांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा कुठे मला उमगलं की मी काय बोलून बसले.

आता नियम. मी भराभर वाचू लागले. प्रत्येक शाळेचे दोन वक्ते, एक अनुकूल, एक प्रतिकूल. प्रत्येकाला चार मिनिटं. तीन मिनिटांनी पहिली घंटा, चार मिनिटांनी दुसरी, त्यानंतर बोलत राहिल्यास गुण कापले जातील. शाळेचं आणि स्वतःचं नाव सांगू नये. कागद बघून वाचू नये. व्यक्तिगत टीका करू नये. सहावा नियम संपला आणि मी म्हणाले, “आठ, परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.”

बोरिवलीच्या शाळेबरोबर आलेले एक सर उठून उभे राहिले. त्यांच्या हातात आमचं परिपत्रक होतं.

“बाई, सहानंतर आठ कसा आला? सातवा वाचा ना जरा.”

सभागृहात कुजबुज सुरू झाली. छपाईची चूक आहे, असं मी म्हणू शकले असते. वेळ कमी आहे, असंही म्हणू शकले असते; दोन्ही वाक्यं जिभेवर तयार होती. माझं लक्ष वक्त्यांच्या बाकाकडे गेलं. आमची मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. तिच्या तोंडावर ना राग होता ना भीती, ती नुसती थांबली होती.

मी सातवा नियम वाचला. सावकाश, अख्खा. मग म्हणाले, “हा नियम मी लिहिला आणि मीच मोडला. परीक्षकबाईंनी विचारलं होतं, त्यांना या म्हणणारी मी. चूक माझी आहे, मुलांची नाही.”

माझ्या आयुष्यातलं सर्वांत छोटं निवेदन.

बोरिवलीचे सर काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्याही मुलांची मेहनत होती. “मग यजमान शाळेने स्पर्धेबाहेर बोलावं,” ते म्हणाले. “मुलांना बोलू द्या, पण नंबर धरू नका.” दोन-तीन शाळांच्या शिक्षकांनी माना डोलावल्या. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, आणि जास्त मोठ्याने.

दाराशी तिचे वडील उभे राहिले होते. आपल्या लेकीबद्दल बाजूच्या शिपायाला ते घाबऱ्या आवाजात, मालवणीत विचारत होते, “काय झाला? माझ्या चेडवाचा काय चुकला?” ते शब्द माझ्यापर्यंत पोचले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात वकीलबाई उठल्या. त्यांना आता अगं-तुगं करायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी गुणपत्रिका मुख्य परीक्षकांपुढे ठेवली आणि माईक न घेताच बोलल्या, “अजून एकही भाषण झालेलं नाही. मी एकही गुण दिलेला नाही. मी परीक्षक म्हणून बाजूला होते. सगळ्या शाळांना उरलेल्या दोघांचेच गुण धरा, म्हणजे कुणावर अन्याय नाही. बरोबरी झाली तर मुख्य परीक्षकांचे गुण बघा.”

प्राध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना पुढे बोलावलं. पाच मिनिटं चर्चा झाली. बोरिवलीचे सर अखेर म्हणाले, “चालेल. पण घंटा कुणाकडे आहे?”

घंटा आमच्या पीटीच्या सरांकडे होती.

“ती माझ्याकडे द्या. आमच्या मुलांच्या वेळी दुसऱ्या कुणी वाजवा.”

दिली. मी पुन्हा माईकसमोर गेले, बदललेली व्यवस्था दोन वाक्यांत सांगितली आणि पहिला क्रमांक पुकारला. वकीलबाई खाली उतरून दाराजवळ गेल्या आणि त्या घाबरलेल्या वडिलांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. काय चाललंय ते त्या त्यांना हळू आवाजात समजावत होत्या.

आमच्या मुलीचा क्रमांक अकरावा. ती उभी राहिली तेव्हा बोरिवलीच्या सरांचा हात घंटेवर होता. तिने अनुकूल बाजूच्या वक्त्यांचे मुद्दे एकेक करून घेतले आणि शांतपणे खोडले. वर्गात चाळीस मुलं आहेत, मोबाईल अकरा घरांत मुलांच्या हाती येतो, मग परवानगी नक्की कुणाला देणार, असं तिने विचारलं. हा मुद्दा मी दिलेला नव्हता. तिने तो तिच्याच वर्गात हात वर करायला लावून मोजला होता. पहिली घंटा झाली, तिने मान डोलावली आणि दुसरी व्हायच्या आत नमस्कार करून ती खाली बसली. बोरिवलीच्या सरांनी घंटेवरचा हात काढला आणि टाळी वाजवली.

निकाल लागला. पहिला क्रमांक तिचा, दुसरा बोरिवलीच्या मुलाचा. दोन्ही परीक्षकांच्या कागदावर ती वर होती, बरोबरीचा प्रश्नच आला नाही. वडील विजेत्याची ढाल हातात घेऊन नुसते उभे होते, बोटाने ढालीवरची धूळ पुसत होते. बोरिवलीचे सर आपल्या मुलाला घेऊन आले, तिला म्हणाले, “मस्त बोललीस गं. खोडायला जागाच ठेवली नाहीस.”

सगळे पांगल्यावर मी तिला बाजूला घेतलं. दिवसभर साठलेलं बोलून टाकायचं होतं.

“माझ्यामुळे आज तुझी वाट लागली असती. मला माफ कर हां.”

“बाई, मला सकाळीच कळलं होतं,” ती म्हणाली. “त्या आल्या तेव्हाच ओळखलं मी. जिन्यात आपल्या जुन्या मुलांचे फोटो आहेत ना, त्यात आहेत त्या. आणि सातवा नियम तुम्हीच पाठ करून घेतला होतात आमच्याकडून.”

“मग बोलली का नाहीस?”

तिने खांदे उडवले. “तुम्ही बोलाल असं वाटलं. नसता बोललात तर मी भाषण केलं असतं, पण ढाल घेतली नसती. बाबांना पण सांगून ठेवलं होतं, नंबर आला तरी ढाल घेईनच असं नाही; का ते मात्र सांगितलं नव्हतं.”