सगळेच अध्यक्ष

वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत चौघांची मुलाखत एकत्र चालली होती, आणि करिश्माला अक्षरशः शिसारी आली होती. नेतृत्वाचा प्रश्न येताच तिच्या आधीचे तिघेही कॉलेज फेस्टिव्हलचे अध्यक्ष निघाले. शब्दही तेच, इंटरव्ह्यूच्या क्लासमधल्या सरांनी चौघांकडूनही घोकून घेतलेले. तिलाही सरांनी बजावलं होतं, "घरच्या मांडवाच्या धंद्याचं काढू नकोस, चीप वाटतं."

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी त्या तिघांतल्या सूरजला विचारलं, "अध्यक्ष असताना तुमचं कोण ऐकत नव्हतं? मग काय केलंत?" सूरजने अध्यक्षपदाचं तेच घोकलेलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं.

आपली पाळी येताच करिश्माने घोकलेलं सगळं गिळलं. "मी कसलीच अध्यक्ष नव्हते. ठाकुर्लीत आमचा मांडवाचा धंदा आहे. बाबांना डेंगी झाला, तेव्हा एक हळदीचा मांडव अर्धाच उभा होता. आमचे जुने कामगार धाकूकाका म्हणाले, पोरीच्या सांगण्यावरून बांबू उचलणार नाही. मी त्यांनाच विचारलं, आहेत तेवढ्या माणसांत काय जमेल? कमान सोडली तर जमेल, म्हणाले. कमान होणार नाही, हे मी स्वतः नवरीच्या वडिलांना सांगितलं आणि सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्या. ते बघून धाकूकाका उठले. हळद वेळेवर लागली."

मॅडमनी पहिल्यांदाच पेन उचललं.

बाहेर सूरज धावत मागे आला. "मांडववाली स्टोरी एक नंबर यार! उद्या दुसऱ्या कंपनीत माझा इंटरव्ह्यू आहे. तिथे हीच मी मारू?"

करिश्माने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मार ना. फक्त आधी कुठेतरी जाऊन शिव्या खाऊन ये."