सृष्टीचा ऋकार

सारिका विशे शहापूरच्या बाजारात बोर्ड आणि लग्नपत्रिकांची डिझाइनं करते. एका खोलीचं दुकान, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि खिडकीपाशी कागद-पेन्सिलीचं टेबल. कल्याणला चित्रकलेचा कोर्स करताना तिला अक्षरांचं वेड लागलं, ते सुटलंच नाही. गावाकडचे लोक विचारत, ‘‘काय गो, चित्रं काढतेस म्हणे?’’ ती सांगे, ‘‘चित्रं नाय, अक्षरं.’’ मग समोरचा माणूस विषय बदले. अक्षरं तर पहिलीतली पोरंही काढतात.

मुरबाडचे हरेश घुडे तिच्याकडे आले ते वैतागूनच. त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं आणि आता हमरस्त्यावर मोठा गाळा घेतला होता. मुलीच्या नावावरून दुकानाचं नाव ‘सृष्टी’. त्यांचा मेव्हणा सुरज वाशिंदला एका कंपनीत कामाला. त्याने इंग्रजी नाव कुणाकडून तरी छान करून आणलं होतं. जाड, सरळ, गोलाईदार कोपऱ्यांची सात कॅपिटल अक्षरं. शेजारी मराठी मात्र कॉम्प्युटरवर सापडलेल्या पहिल्या फाँटात टाइप केलेलं.

‘‘मॅडम, मराठी बारीक असली तर नोटीस येते म्हणतात,’’ हरेशशेठ म्हणाले. ‘‘म्हणून मी टेप लावून मोजली. इंग्रजी चोवीस इंच, मराठी पण चोवीस इंच. तरी सगळे म्हणतात मराठी बारीक दिसते. असं कसं?’’

सारिकाने प्रिंटवर पट्टी ठेवली. ‘‘शेठ, तुमी वेलांटीच्या टोकापासून ऋकाराच्या शेपटीपर्यंत मोजलं. अक्षर ते नाय. अक्षराचं अंग म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत. ते इथे जेमतेम बारा-तेरा इंच आहे. बाकीची उंची वेलांटी आणि ऋकार खातात. इंग्रजीत वर-खाली काहीच नाय, त्यामुळे चोवीसच्या चोवीस इंच अंगच.’’

‘‘मग मराठी मोठी करा.’’

‘‘करते. पण बोर्डाची उंची तीनच फूट. मराठीचं अंग चोवीस केलं तर वेलांटी बोर्डाबाहेर जाईल. इंग्रजी कमी करावी लागेल.’’

‘‘इंग्रजीला हात नाय लावायचा,’’ शेठ उठत म्हणाले. ‘‘तुमी मराठीचं बघा.’’

तिने मराठी हाताने काढायला घेतली. त्या फाँटमध्ये ‘ट’ हा ‘ष’च्या खाली लटकत होता, त्याने उंची आणखी वाढत होती. तिने दोन्ही शेजारी बसवले, अर्धा ष आणि त्याला चिकटून ट. उंची वाचली आणि रुंदीही मिळाली. जाडी ठरवायला चार दिवस गेले. इंग्रजीच्या दांड्याइतकीच जाडी मराठीला दिली, तर षच्या पोटातली तिरपी रेघ आणि भोवतालची गोलाई मिळून काळा डाग होत होता. म्हणून मराठीची रेघ थोडी हलकी, शिरोरेषा त्याहून किंचित बारीक. कोपऱ्यांची गोलाई मात्र इंग्रजीसारखीच.

शेठना फोटो पाठवला. उत्तर आलं: ‘‘छान. वरची रेघ काढून टाका. इंग्रजीला कुठे आहे?’’

तिने फोन उलटा ठेवला, चहा केला आणि मगच लिहिलं, ‘‘रेघ काढली तर अक्षरं सुटी पडतील.’’

दुसऱ्या दिवशी: ‘‘मग इंग्रजीला पण वरून रेघ मारा.’’

तिसऱ्या दिवशी सुरजचा फोन. ‘‘ताई, बोर्ड सोळा फूट लांब. अर्ध्यात मराठी, अर्ध्यात इंग्लिश असं पायजे ना? तुमची मराठी तर चार फुटांतच संपते.’’

‘‘अहो, मराठीत अक्षरं दोनच आहेत! इंग्रजीत सात आहेत. सात माणसं आणि दोन माणसं सारख्याच बाकड्यावर कशी पसरतील?’’

‘‘मी करून दाखवतो,’’ सुरज म्हणाला. त्याने तिची अक्षरं कॉम्प्युटरवर आडवी ताणून पाठवली. उभे दांडे खांबासारखे फुगले होते, शिरोरेषा आणि ऋकाराची शेपटी तेवढीच बारीक राहिली होती आणि स वरून कुणीतरी बसल्यासारखा चपटा झाला होता. खाली शेठचा संदेश: ‘‘हे फायनल.’’

सारिकाला रडू यायचंच बाकी होतं. चार दिवस केसाएवढ्या फरकावर घालवायचे आणि कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत ते बोटाने ओढून टाकायचं. काम सोडावं असं तिच्या मनात आलं. पण तो बोर्ड रस्त्यावर लागला असता, तर मुरबाडला जाताना दर वेळी तिलाच मान फिरवावी लागली असती.

तिने दोन नमुने खऱ्या मापात, साध्या कागदाच्या पट्ट्यांवर छापले. एक शेठचा ‘फायनल’. दुसरा तिचा: इंग्रजी सतरा इंचांवर आणलेली, अक्षरांमधली जागा थोडी आवळलेली. मराठीचं अंगही सतरा इंच. शिरोरेषा इंग्रजीच्या माथ्याशी, पाय इंग्रजीच्या पायाशी, वेलांटी वर मोकळी आणि ऋकार खाली मोकळा. स आणि ट पोटातून ऐसपैस केल्याने मराठी पाच फुटांपर्यंत आली होती, न ताणता.

किन्हवलीवरून जाणारी एसटी पकडून ती मुरबाडला गेली. गुंडाळी इतकी लांब की कंडक्टर म्हणाला, ‘‘हिचं पण तिकीट काढा.’’ तिला हसू आलं नाही.

नव्या गाळ्याचं शटर बंद होतं. तिने शेठच्या मदतीने त्यावर आधी त्यांचा नमुना चिकटवला. शेठची बायको माधुरी डबा घेऊन आली होती. सारिका म्हणाली, ‘‘वहिनी, रस्त्यापलीकडे चला. आणि नुसती मराठी वाचा.’’

माधुरी पलीकडे उभी राहिली, डोळे बारीक केले. ‘‘सष्टी.’’

‘‘काय?’’ शेठ ओरडले.

‘‘सष्टीच दिसतंय. पोरीच्या नावातला ऋ कुठे गेला?’’

‘‘अगो आहे ना खाली!’’

‘‘जवळून असेल. हितून नाय दिसत. आपली पोर सष्टी आहे का?’’

शेठ स्वतः रस्ता ओलांडून गेले. एक ट्रक गेला, दोन रिक्षा गेल्या, ते बघतच राहिले. मग म्हणाले, ‘‘दुसरा लावा.’’

दुसरा लावला. माधुरीने लगेच वाचलं, ‘‘सृष्टी.’’ मग म्हणाली, ‘‘आता दोन्ही एकाच घरातली वाटतात.’’

शेठनी टेप काढली. त्यांनी शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजलं, सतरा. इंग्रजी मोजली, सतरा. ‘‘नियमात बसते,’’ ते म्हणाले. ‘‘पण अजून अर्ध-अर्ध नाय.’’

‘‘शेठ,’’ सारिका म्हणाली आणि तिचा आवाज चढला, ‘‘वेलांटी आणि ऋकारामुळे मराठी वर-खाली पसरते, इंग्रजी आडवी पसरते. डोळा दोन्हीचं वजन करतो, टेप नाय करत. अर्ध-अर्ध पायजे तर मुलीचं नाव बदला.’’

माधुरी हसायला लागली. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी सुरजला फोन लावला आणि म्हणाले, ‘‘राहू दे रे. मी ठरवलं.’’

पंधरा दिवसांनी बोर्ड लागला. उद्घाटनाला सारिकाला बोलावणं होतं. ती पोचली तेव्हा शेठ पाहुण्यांना रस्त्यापलीकडे उभं करून समजावत होते, ‘‘माप नेहमी शिरोरेषेपासून घ्यायचं. डोळा वजन करतो, टेप नाय. या डिझायनर लोकांना ते सांगावं लागतं.’’

सारिकाने बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याने चिकटलेल्या ष आणि ट मध्ये एक सूतभर फट ठेवली होती. तिच्याशिवाय कुणालाही ते दिसणार नव्हतं. ती पेढा खात तिथेच उभी राहिली, आणि ती फट तिला दिवसभर टोचत राहिली.