कोरी निघालेली चौथी स्लाइड

माझा नवरा म्हणतो, सूर्य पूर्वेला उगवला हे सांगायलाही तुला दोन साक्षीदार लागतात. खोटं नाही. गॅस बंद केला की मी पुन्हा जाऊन बघते, भाजीवाल्याने ताजी म्हटलेली मेथी नाकाशी धरते, आणि कुणी फारच गोड बोलायला लागलं की पर्स जवळ ओढते. घरात या स्वभावाची चेष्टा होते. विश्रामबागेतल्या माझ्या प्रयोगशाळेत मात्र त्यावरच माझं पोट चालतं. शरीरातून काढलेल्या गाठी माझ्याकडे येतात. त्यांचे पातळ काप काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून त्या काय आहेत ते सांगायचं, हे माझं काम. जे दिसतं त्यावर मी पटकन विश्वास ठेवत नाही.

साताऱ्याच्या एका सर्जनने मोठ्या आतड्याचा तुकडा पाठवला. सोबतच्या कागदावर पेशंटचं वय वाचलं आणि माझी पहिली शंका तिथेच उभी राहिली. सतरा. मी फोन उचलला.

"एकाहत्तरचं सतरा झालंय का?"

"नाही हो. बारावीतली पोरगी आहे. रहिमतपूरकडची. वडील फौजेतून रिटायर झालेत."

सतरा वर्षांच्या मुलीला आतड्याचा कर्करोग होऊ नये. झाला, तर त्यामागे काहीतरी असतं. म्हणून मी दुरुस्तीच्या चार प्रथिनांची तपासणी लावली.

आपली पेशी दुभंगण्याआधी सगळ्या डीएनएची नक्कल करते. एवढी मोठी नक्कल म्हटल्यावर अक्षरं चुकणारच. अ समोर ट यायचा तिथे भलतंच काही बसतं. ही चुकीची जोडी शोधायला दोन प्रथिनं फिरत असतात. त्यांना चूक सापडली की दुसरी दोन येतात, नव्या धाग्याला चीर पाडतात, चुकलेला भाग काढला जातो आणि तिथे नीट अक्षरं भरली जातात. या चौघांपैकी एक जरी नसलं तरी चुका साचत जातात आणि कधीतरी त्यातली एखादी पेशीला बेलगाम करते. चार स्लाइड, चार रंग. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळंच राहतं.

पहिल्या तीन स्लाइड सुरेख तपकिरी आल्या. चौथी कोरी निघाली, नुसती निळी.

नुसती गाठ कोरी निघाली असती तर मला नवल वाटलं नसतं. पण गाठीशेजारचं निरोगी आतडंही कोरं होतं, त्यातल्या पांढऱ्या पेशीही कोऱ्या होत्या. आमच्या धंद्यातला पाठ असा, की गाठ निळी आणि शेजारच्या निरोगी पेशी तपकिरी, तरच निकाल खरा मानायचा. शेजारीही निळे असतील तर रंग चढलाच नाही असं समजायचं आणि स्लाइड बाद करायची.

मी बाद केली. टेक्निशियन बाईंना म्हटलं, "रंगाचं औषध जुनं आहे का? कुठे घाई झाली का?" त्यांचं तोंड उतरलं. साताऱ्याच्या सर्जनवरही माझा संशय होताच. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मलिनमध्ये उशिरा टाकला की ही प्रथिनं मरतात. तसं त्यांना फोनवर सुनावलं, तेही चिडले. नव्या औषधाने दुसरी स्लाइड केली. पुन्हा कोरी.

आता माझा संशय माझ्याकडेच वळला. प्रत्येक स्लाइडच्या कडेला आम्ही दुसऱ्याच कुणाच्या अपेंडिक्सचा एक काप ठेवतो, रंग चढतो की नाही ते कळावं म्हणून. तो मी आधी ओझरता पाहिला होता. या वेळी नीट पाहिला. लख्ख तपकिरी. एकाच काचेवर, एकाच थेंबाखाली, परक्या माणसाच्या पेशी रंगल्या होत्या आणि या मुलीच्या रंगल्या नव्हत्या. तुकडा मेलेला म्हणावा, तर बाकीची तिन्ही प्रथिनं तिच्यात जिवंत होती.

म्हणजे रंग खरा होता. मुलीच्या गाठीतच नाही, अंगातल्या कुठल्याच पेशीत हे चौथं प्रथिन नव्हतं. या प्रथिनाच्या जनुकाची आईकडून आलेली प्रत बिघडलेली आणि वडिलांकडून आलेलीही. आणि कागदावर आणखी एक ओळ होती: एक लहान बहीण, वय अकरा.

मी सर्जनला पुन्हा फोन केला. आधी माफीसारखं काहीतरी पुटपुटले. या बिघाडात कातडीवरही डाग येतात, म्हणून मग विचारलं, "मुलीच्या अंगावर डाग आहेत का?"

"आहेत. चहा सांडल्यासारखे. उन्हाचे असतील, शेतात राबतात ना."

"कुठे आहेत?"

"पाठीवर. पोटावर."

"पाठीला कुठलं ऊन लागतंय हो?"

उन्हाचं प्रकरण मी शिकत असताना पाहिलं होतं. ऊन डीएनएमधली शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटवतं. तेवढा धागा कापून काढायचा आणि समोरच्या धाग्यावर बघून नवा भरायचा, हे काम दुसरीच टोळी करते. ती टोळी जन्मतःच निकामी असलेलं एक मूल आमच्या वॉर्डात होतं. चेहरा आणि हात ठिपक्यांनी भरलेले, पाचव्या वर्षी नाकावर कर्करोग. सदऱ्याखालची कातडी मात्र स्वच्छ. या मुलीचं उलटं होतं. सदऱ्याखाली डाग आणि रोग आतड्यात. बिघाड दोन्हीकडे दुरुस्तीचाच, पण टोळ्या वेगळ्या.

फोनवर हे सगळं उरकायला माझं मन घेईना. मी साताऱ्याला गेले.

सर्जनच्या खोलीत वडील ताठ बसले होते, मिशा कापलेल्या, बुटांना पॉलिश. आई भिंतीला टेकून. मुलगी ऑपरेशननंतर वाळलेली, पण नजर तीक्ष्ण. धाकटी घरीच होती. मी विचारलं, नवराबायको नात्यातले का?

वडिलांचे डोळे बारीक झाले. "त्याचा हितं काय संबंध?"

"संबंध आहे म्हणूनच विचारतेय."

"ही माझ्या मामाची पोरगी. आमच्यात पयल्यापासून असंच हाय. त्यात वावगं काय हाय?"

"वावगं काही नाही," मी म्हटलं. कागदावर आजोबा काढले, त्यांच्याखाली यांची आई आणि यांचे मामा, त्यांच्याखाली हे दोघं. बिघडलेली एक प्रत आजोबांकडून किंवा आजीकडून दोन्ही फाट्यांत उतरली. एकच बिघडलेली असली तर दुसरी काम निभावून नेते, म्हणून घरात सगळे ठणठणीत. मामाच्या मुलीशी लग्न झालं आणि दोन्ही बिघडलेल्या प्रती या मुलीत एकत्र आल्या. प्रत्येक लेकराला चारात एक वेळा हा धोका, म्हणजे धाकटीलाही. तिचं रक्त बघायला हवं.

वडील उठून उभे राहिले. "आवं मॅडम, धाकटी घोड्यासारखी पळती. तिला कशाला सुया? एक पोरगी तुमच्या हातात दिलीय, आता दुसरी बी पायजे व्हय? कुणाकुणाला पाठवता तपासायला? ह्यो धंदाच हाय तुमचा."

मला राग आला. शंभर किलोमीटरवरून मी यासाठी आले होते का? पण खरं सांगायचं तर त्या माणसाचा संशय मला ओळखीचा वाटला. मीही असंच म्हटलं असतं.

"मग दोष कुणाचा?" ते म्हणाले. "हिच्याकडचा का माझ्याकडचा?"

"निम्मा निम्मा. तुमचे आणि त्यांचे आजोबा एकच आहेत. दोन बाजू आहेतच कुठे?"

आई पदराने तोंड पुसत म्हणाली, "आत्याबाई म्हनत्यात, माझ्याच पायगुणानं झालं." तिची आत्याच तिची सासू, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. मग ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "धाकटीच्या पाटीवर बी डाग हायत. मी कुणाला दावलं न्हाईत. पुढं लगीन जमायचं न्हाई म्हून."

थोरली बोलली. "पप्पा, मला रगात पडत हुतं तवा तुमी मूळव्याध म्हनला. मी बी म्हनलं. तिला तरी बघू द्या."

वडील खाली बसले. मग म्हणाले, "घ्या रगात."

रक्त पुण्याला गेलं. या जनुकाचा एक तोतया जवळच बसलेला असतो, हुबेहूब तसाच दिसणारा आणि काहीच काम न करणारा. तपासणी त्याला फसू शकते. म्हणून निकाल आल्यावरही मी विचारलं, तोतया वेगळा काढून बघितलात का? तिकडचे लोक माझ्यावर वैतागले, पण बघितलं होतं. निकाल तोच. आईवडिलांत एकेक बिघडलेली प्रत, थोरलीत दोन, धाकटीतही दोन.

त्या दिवशी मी जेवले नाही. नवऱ्याने चेष्टा केली नाही.

थोरलीला नेहमीच्या केमोऐवजी तिच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीवर सोडणारं औषध सुरू झालं. चुका साचलेल्या गाठी शरीराला परक्या दिसतात, म्हणून अशा रोगात ते लागू पडतं. यकृतापर्यंत पोचलेला तिचा रोग आता आक्रसतोय. गेला असं मी म्हणणार नाही. या बिघाडात मेंदूतही गाठी होतात, म्हणून धाकटीच्या मेंदूचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. आतड्यात दुर्बीण घातली तेव्हा मांसाचा एक छोटा कोंब दिसला. सर्जनने तो मुळासकट काढला आणि माझ्याकडे पाठवला.

तो कोंब मी जितका पाहिला तितकं आयुष्यात काही पाहिलं नसेल. पेशी बिथरलेल्या होत्या, कर्करोगाच्या उंबरठ्यावर आलेल्या. मी तो मेणात बसवलेला ठोकळा पार संपेपर्यंत काप घ्यायला लावले. टेक्निशियन बाई म्हणाल्या, "मॅडम, आता मेणच उरलंय." कुठेही पेशींनी खालचा थर ओलांडला नव्हता, म्हणजे कर्करोग अजून झाला नव्हता. कापलेल्या कडेला एकही बिथरलेली पेशी नव्हती. मी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनाही तेच दिसलं. मग सही केली.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला. सर्जनने सांगितलं होतं, तरी त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"मॅडम, कॅन्सर न्हाई म्हनं. खात्री हाय?"

"आहे. पण या वेळेपुरती. पुन्हा कोंब येऊ शकतात. दर वर्षी दुर्बीण, दर वर्षी मेंदूचा फोटो. आतड्यातली दुर्बीण तर त्याहून लवकरही घालावी लागेल."

"या वेळंपुरती बी लय झाली," ते म्हणाले. "पुढच्या टायमाला बी तुमीच बघा. असंच संशयानं बघा."