विहिरीतले सोळा नातेवाईक

माझी मावशी गाद्या करायची. नुसती विकायची नाही, स्वतः करायची. कापूस पिंजून घ्यायची, खोळीत भरायची आणि हातभर लांब सुईने टाके घालायची. कापसाचे तंतू तिच्या भुवयांत अडकलेले असत, त्यामुळे ती चाळिशीतच सत्तरीची दिसायची आणि सत्तरीत गेल्यावरही तशीच दिसली. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, त्याच धंद्यात होते. त्यांचं काम गादी तपासणं. प्रत्येक नव्या गादीवर ते दुपारी झोपायचे आणि उठल्यावर "ठीक आहे" किंवा "डाव्या कुशीला कमी आहे" एवढंच सांगायचे. मावशी त्यांच्यावर ओरडायची, पण त्यांच्या शब्दाबाहेर एकही गादी दुकानात गेली नाही.

घरामागे कापसाचं गोदाम होतं आणि गोदामामागे एक जुनी, गोल, दगडी बांधाची उघडी विहीर. अग्निशमन खात्याचा नियम असा, की गोदामात जेवढा कापूस, त्याच्या प्रत्येक किलोमागे दहा लिटर पाणी आवारात साठलेलं पाहिजे. मावशीकडे कापूस होता चार हजार किलो, तयार गाद्यांतला धरून. म्हणजे पाणी हवं चाळीस हजार लिटर. आजवर हे कुणी मोजलं नव्हतं. विहीर आहे म्हटल्यावर जुने तपासनीस काठावरून वाकून बघत, आत एक खडा टाकत आणि आवाज ऐकून समाधानाने निघून जात. पण त्या वर्षी नवे साहेब आले होते आणि ते खडा टाकत नाहीत, टेप टाकतात, अशी बातमी शेजारच्या लाकडाच्या वखारीतून आली. वखारवाल्याची अर्धी वखार त्यांनी रिकामी करायला लावली होती.

मावशीने आधी स्वतःच मोजून पाहायचं ठरवलं. काकांना पलीकडच्या काठावर उभं केलं आणि गादीचा दोरा बरोबर मधून जाईल असा ताणला. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत चार मीटर भरले. मग दोऱ्याला वरवंटा बांधून तळापर्यंत सोडला आणि ओला झालेला भाग मोजला. तीन मीटर दहा सेंटिमीटर. चार गुणिले चार सोळा. पण विहीर चौकोनी नाही, गोल आहे, तेव्हा चार कोपरे जातात आणि सोळाचे उरतात साडेबारापेक्षा किंचित जास्त, बारा पूर्णांक छप्पन्न. त्याला खोलीने गुणलं की घनमीटर, आणि एका घनमीटरात हजार लिटर. उत्तर आलं अडतीस हजार नऊशे छत्तीस. हजारभर लिटर कमी.

काका म्हणाले, टँकर आणून ओतू. मावशीने त्यांना समजावलं की विहीर म्हणजे पिंप नव्हे. आत ओतलेलं जास्तीचं पाणी झऱ्यांतून हळूहळू परत जमिनीत जातं आणि पातळी पुन्हा मूळ जागी येते. शिवाय गल्लीत टँकर शिरत नाही, हेही होतंच.

तेवढ्यात वरवंटा सुटून आत पडला. काका तो काढायला पायऱ्या उतरून गळ्यापर्यंत पाण्यात गेले. वरवंटा काही मिळाला नाही, पण मावशी काठावरून एकटक बघत राहिली. काका आत गेले तसं पाणी दगडावर किंचित वर चढलं होतं आणि बाहेर आले तसं खाली उतरलं. तिने त्यांना पुन्हा आत जायला सांगितलं. मग पुन्हा बाहेर. असं चार वेळा झालं. काका बिचारे काही न विचारता आत-बाहेर करत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस विचारायचं सोडून देतो.

"पाणी एक सेंटिमीटर चढवायला सव्वाशे लिटर लागतात," मावशी म्हणाली. "आपल्याला साडेआठ सेंटिमीटर पाहिजे. तुम्ही पंच्याऐंशी किलोचे. म्हणजे तुम्ही एकटे पाऊण सेंटिमीटरसुद्धा नाही."

काकांना ते जरा लागलं. पण त्याच संध्याकाळी मावशीने नातेवाइकांना निरोप धाडले.

आम्ही सोळा जण जमलो. थोरले मामा आले, जे एकटेच एकशे बारा किलो होते आणि ज्यांना मावशीने सगळ्यात आधी बोलावलं होतं. मामी आली, काकांची आत्या आली, मावशीचे दोन्ही जावई आले. धाकट्या जावयाला पोहता येत नव्हतं, म्हणून त्याला ट्रकच्या ट्यूबमध्ये बसवून सोडलं. सात जण पायऱ्यांवर मानेपर्यंत पाण्यात उभे राहिले, बाकीचे नऊ जण ट्यूबवर किंवा नुसतेच तरंगत होते. मी पायरीवर होते, माझ्या खालच्या पायरीवर काकांची आत्या. ती म्हणाली, यापेक्षा मयतीला गेलेलं बरं, तिथे निदान कोरडं असतं. मामा ट्यूबवर डोळे मिटून पडले होते. एवढ्या मानाने आपल्याला आजवर कुणी बोलावलं नव्हतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

साहेब आले. सडपातळ, चष्मा लावलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. विहिरीत डोकावून त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. आम्हीही पाण्याबाहेर हात काढून नमस्कार केला. मावशी म्हणाली की घरची मंडळी आहेत, उकाड्यामुळे बसली आहेत. साहेबांनी मान डोलावली आणि टेप काढली. व्यास त्यांनी दोन दिशांनी मोजला, विहीर एका बाजूला फुगलेली तर नाही हे पाहायला. दोन्हीकडून चारच मीटर. मावशीने सुचवून पाहिलं की माप बांधाच्या बाहेरून घ्यावं, म्हणजे पाच मीटर भरतात. साहेब शांतपणे म्हणाले की दगडात पाणी नसतं. मग त्यांनी वजन लावलेली टेप आत सोडली, मामांना पाय जरा बाजूला घ्यायला सांगितले आणि पाणी हलायचं थांबेपर्यंत वाट बघितली. त्यासाठी आम्हाला श्वासही बेताने घ्यावा लागला. आत्याला शिंक आली तेव्हा पुन्हा थांबावं लागलं.

"तीन मीटर एकोणीस," साहेब म्हणाले. "चाळीस हजार सहासष्ट लिटर. पुरेसं आहे."

विहिरीतून समाधानाचा सुस्कारा उठला. मावशीने चहा ठेवायला सांगितला. पण साहेबांनी कागद उलटला. मागच्या बाजूला एक रकाना होता: पाण्यातील बाह्य वस्तू, दगड, पडलेली झाडं, पंप वगैरे, यांचं आकारमान वजा करावं.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मग मावशीकडे.

"बाई, हे कायमचे आहेत का?"

"नातेवाईक आहेत," मावशी म्हणाली. "कायमचेच."

"पाण्यात कायमचे?"

मावशीने खरोखर विचार केला. मी खालून तिचा चेहरा बघत होते, ती आमच्या जेवणाखाण्याची सोय लावत होती. शेवटी थोरला जावई म्हणाला की आग लागली तर आम्ही विझवायला वर येणारच ना. साहेब म्हणाले, मग तर पाणी खालीच जाईल.

आम्हाला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढून पुन्हा मोजतील. पण एका तपासणीत माप एकदाच घ्यायचं असा नियम होता आणि ते शाईने लिहून झालं होतं. वजाबाकी मात्र करता येत होती. तेव्हा आम्हाला एकेक करून वर बोलावलं, कपडे पिळायला लावले आणि कापसाच्या वजनकाट्यावर बसवलं. माणूस साधारण पाण्याइतकाच जड, तेव्हा जितके किलो तितके लिटर धरायचे, असं साहेबांनी सांगितलं. जे पायरीवर उभे होते त्यांचं डोकं पाण्याबाहेर होतं, म्हणून डोक्याचे पाच लिटर सोडायचे. ते ऐकून ट्यूबवाला जावई म्हणाला, डोकं माझंही बाहेर होतं.

"तुमचं धरावं लागेल," साहेब म्हणाले. "तुम्ही तरंगत होता. तुमचं डोकं बाहेर असलं तरी त्याचा भार पाणीच उचलत होतं. तरंगणारा माणूस आपल्या सगळ्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतो. पायरीवरच्यांचा उरलेला भार पायरीवर होता."

आपल्या डोक्याचा भार पाण्यावर होता हे ऐकून जावयाला थोडं बरं वाटलं असावं. आत्याने आपलं वजन मोठ्याने सांगू नये अशी विनंती केली, तेव्हा साहेबांनी ते तिच्या कानात सांगितलं. तिने चार किलो कमी करायला लावले आणि त्यांनी केले नाहीत.

सगळी वजनं मिळून अकराशे पंधरा. सात डोक्यांचे पस्तीस वजा. एक हजार ऐंशी लिटर नातेवाईक. म्हणजे खरं पाणी अडतीस हजार नऊशे शहाऐंशी. मावशीच्या दोऱ्याच्या मापात आणि साहेबांच्या मापात फक्त पन्नास लिटरचा, म्हणजे चार मिलिमीटरचा फरक पडला होता. तिला याचा अभिमान वाटला आणि ती ते बोलून बसली.

साहेबांनी हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. एवढ्या पाण्यावर एवढाच कापूस ठेवता येईल, असं म्हणून त्यांनी आकडा सांगितला. एकशे दोन किलो जास्त होता. तो आत्ताच्या आत्ता बाहेर गेला तर शेरा मारायची गरज नाही.

मावशी ओट्यावर बसली. मी तिला त्याआधी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं, हातात सुई नाही, काही नाही. काका तिच्याजवळ गेले, ओलेचिंब, आणि हळू आवाजात म्हणाले, "अगं, गादी साडेसहा किलोची. आणि माणसं सोळा आहेत."

तिने काकांकडे असं पाहिलं, की आम्ही सगळे दुसरीकडे बघू लागलो.

अर्ध्या तासात आम्ही सोळा जण गल्लीतून निघालो, केस ओले आणि डोक्यावर नवी कोरी गादी. गादी ओली होऊ नये म्हणून मावशीने प्रत्येकाच्या डोक्यावर आधी जुनी खोळ बांधली होती. मामांना दोन गाद्या पेलल्या असत्या, पण त्यांनी एकच घेतली, वजनाचा विषय पुन्हा निघायला नको म्हणून. गल्लीतल्या लोकांनी दारं उघडून पाहिलं. वखारवाल्याने, कुणाचं लग्न आहे का, असं विचारलं.

पंचाईत झाली ती काकांची. सोळावी गादी त्यांची आणि ते तर त्याच घरात राहणारे. त्यांनी ती गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याच्या ओट्यावर अंथरली आणि तिच्यावर झोपले. साहेब जाताना तिथे थांबले, गादी आवाराबाहेर आहे याची खात्री केली आणि कागदावर सही केली. काकांनी डोळे न उघडता सांगितलं की उजव्या कुशीला कमी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मावशीने पंप लावून विहीर उपसली आणि तळाचा हातभर गाळ काढला. पाण्याची वरची पातळी होती तिथेच परत आली, पण तळ खाली गेल्याने खोली साडेतीन मीटर झाली. चाळीस हजारांच्या वर पाणी, एकही नातेवाईक न बुडवता. मग ती गाद्या परत आणायला निघाली. पहिल्यांदा मामांकडे गेली. मामा गादीवर होते आणि मी उठल्यावर घेऊन जा म्हणाले. संध्याकाळपर्यंत ते उठले नाहीत. आत्याकडे गेली, तर आत्याची पाठदुखी पहिल्यांदाच थांबली होती. माझ्याकडे आली तेव्हा तिने गादीवर हात फिरवून पाहिला, एका कोपऱ्यातला टाका सुटला होता तो पिशवीतल्या सुईने घातला आणि चहा पिऊन रिकाम्या हातांनी गेली.

काकांची गादी मात्र ओट्यावरच राहिली. न्हाव्याचं म्हणणं होतं की त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं वाढली आहेत. काका दुपारी तिथेच झोपायला लागले आणि मावशी नव्या गाद्या तपासणीसाठी तिकडेच पाठवू लागली.