माझ्या आठ लाख प्लेटलेट

आमच्या घरात प्लेटलेट हा शब्द मुलीच्या डेंग्यूबरोबर आला आणि नंतर पाहुण्यासारखा मुक्कामालाच राहिला. तिच्या प्लेटलेट बावीस हजारांवर आल्या तेव्हा ह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून ओक्साबोक्शी रडून घेतलं. पोरगी बरी झाली. पण ह्यांच्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसली, की प्लेटलेट म्हणजे माणसाची खरी इस्टेट. चऱ्होलीतल्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमागे चार फूट माती आहे, तिथं त्याच महिन्यात पपईचं झाड लागलं. कुणीतरी सांगितलं होतं की पानाचा रस प्याला की प्लेटलेट वाढतात.

मी चाकणला गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. पिन कनेक्टरमध्ये बसली की टिक वाजते, मग वायर बोटांनी जरा ओढून बघायची, सुटली तर लाल टॅग लावायचा. अठरा वर्षं हेच करतेय. आमच्याकडे साधा नियम आहे: एक पीस नापास झाला तर पीसकडे बघा, तोच दोष तीनदा आला तर मशीनकडे बघा. हा नियम मी नवीन आलेल्या पोरींना इतक्यांदा ऐकवलाय की त्या माझ्या पाठीमागे माझ्याच आवाजात तो म्हणून दाखवतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं.

जुलैत कंपनीची वार्षिक तपासणी झाली. तिथली नर्सबाई दरवर्षी फक्त शुगर आणि बीपी सांगते, बाकीचा कागद घडी करून हातात देते, आणि मी तो तसाच घडीचा घरी कपाटाच्या खणात टाकते. या वर्षी मात्र कागद ह्यांच्या हाती लागला. हे टूलरूममध्ये फिटर. मापं वाचल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही.

"अगं, सात लाख ऐंशी हजार!" हे स्वयंपाकघरात ओरडतच आले. "साडेचारपर्यंत असत्यात माणसाला. तुझ्या जवळजवळ दुप्पट हायत!"

"मग?"

"मग काय मग! रेकॉर्ड हाय हे."

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर बातमी गेली होती. बी विंगमधल्या काकांनी हात जोडलेले पाठवले. कुणीतरी हारही पाठवला. लिफ्टपाशी एक बाई मला म्हणाल्या, "तुम्ही नेमकं खाता काय हो?" मी शेंगदाण्याची चटणी म्हणाले. खोटं नव्हतं. ह्या घोषणेनंतर माझ्या डब्यातली चटणी जरा कडवट लागायला लागली होती, पण बाजारातला लसूण आजकाल असाच येतो असं मला वाटलं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्या बोटांची टोकं मधूनच लाल होऊन जळायची, पायाची बोटंही. गार पाण्याच्या नळाखाली धरली की बरं वाटायचं. लाइनवर कुणी विचारलं तर मी मिरच्या कुटल्या असं सांगायचे. आठवड्यातून तीनदा मिरच्या कुटणारी बाई म्हणून माझी ख्याती झाली. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. बोटंच गेली तर इन्स्पेक्शनला मला ठेवेल कोण? टिक ऐकायला कान पुरतो, ओढून बघायला बोटंच लागतात.

ऑगस्टमध्ये बी विंगच्या काकांचा भाऊ डेंग्यूनं दवाखान्यात पडला आणि काका रिक्षा घेऊनच दारात उभे राहिले. "वहिनी, तुमच्याकडं आठ लाख हायत. एखादा लाख द्या की."

ह्यांनी मला नवरीसारखं तयार करून रिक्षात बसवलं. रक्तपेढीत सगळं रक्त न काढता फक्त प्लेटलेट वेगळ्या काढून घेणारं मशीन होतं, आणि मी अगदी बाही वर करूनच आत गेले. आधी बोटातलं थेंबभर आणि मग शिरेतलं रक्त तपासायला नेलं. थोड्या वेळानं तिथल्या मॅडम बाहेर आल्या. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन, प्लेटलेट आठ लाख दहा हजार.

"तुमचं काही घेता येणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही इथं यायचंच नाही, आधी रक्ताच्या डॉक्टरांकडे जा."

"पण जास्त हायत ना?" काका म्हणाले.

"जास्त आहेत म्हणूनच."

काकांच्या चेहऱ्यावरून वाटलं, दुकान उघडं आहे पण माल विकायचा नाही असं त्यांना कुणी पहिल्यांदाच सांगितलं असावं. भावाला दुसरा दाता मिळाला आणि तो बरा झाला. ग्रुपवरचा माझा हार मात्र तिथंच राहिला.

निगडीच्या रक्ताच्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि ह्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोलल्या, त्यामुळे मला त्या आवडल्या. त्यांनी सांगितलेलं मी घरी येताना माझ्या भाषेत बसवून घेतलं. प्लेटलेट हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. कधीकधी तिथली लाइन ओव्हरटाइम करते, कारण बाहेरून मागणी आलेली असते: जंतुसंसर्ग, कुठली सूज, ऑपरेशन, रक्तस्राव, लोहाची कमतरता. कारण मिटलं की ओव्हरटाइम बंद होतो. ह्याला रिॲक्टिव्ह म्हणतात, आणि बहुतेक लोकांचं हेच निघतं. पण कधी मागणी कुणाचीच नसते, मगजातल्या पेशींच्या जनुकातच बिघाड होऊन लाइन आपली चालूच राहते. त्याचं नाव इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया. त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते.

"हे दोन्ही एका आकड्यावरून ओळखता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमच्या अंगात लोह अगदी कमी आहे. पाळीत फार जातं का?"

मी मान डोलावली. हे छताकडे बघत बसले.

"मग आधी लोह भरून काढू आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजू. सूज दाखवणारी तपासणी करू, सोनोग्राफीत प्लीहा वाढली आहे का ते बघू. जुने रिपोर्ट आहेत का?"

"नाहीत," मी म्हणाले. खणात होते. पण अठरा वर्षं दुसऱ्यांचे दोष पकडणारी बाई स्वतःचा कागद उघडून बघत नाही, हे मला त्या बाईंसमोर कबूल करायचं नव्हतं. बोटांचंही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, मी "मिरच्या" म्हणाले. माझा स्वभावच असा आहे.

तीन महिने लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. हे ऑक्टोबरात म्हणाले, "तुझ्या गालावर रंग आलाय." खरंच आला होता. नोव्हेंबरात हिमोग्लोबिन साडेबारा, लोहाचा साठा भरलेला, सूज कुठं नाही. आणि प्लेटलेट सात लाख नव्वद हजार.

मागणी संपली होती, लाइन चालूच होती. त्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. मला गुठळीपेक्षा बोटांचीच काळजी जास्त होती, हे आता मूर्खपणाचं वाटतं.

मग जनुकाची तपासणी रक्तातून झाली आणि मगजाची कमरेच्या हाडातून. सुई बघून मला घाम फुटला. ह्यांनी मात्र डॉक्टरबाईंना विचारलं, "मॅडम, बोअर किती हो, आतल्या भोकाचा?" त्यांनी न हसता सांगितलं. त्यांनी उजेडात धरलेली सुई बघून हे म्हणाले, "फिनिश चांगलं हाय." त्यावर मी इतकी हसले की मला पुन्हा सरळ झोपवायला लागलं.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्यासमोर बसलो. एका जनुकात बदल सापडला होता आणि मगजातल्या प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी मोठ्या आणि संख्येनं जास्त होत्या. इसेन्शियलच. लोहाची कमतरता सोबतीला होती, तिच्यामुळं तीन महिने खरं चित्र झाकलं गेलं.

मी काही विचारायच्या आत हे उठून उभे राहिले. "मॅडम, ह्यात माझी चूक हाय."

"म्हणजे?"

"पपईचा पाला वाळवून, कुटून मी हिच्या चटणीत घालत होतो. रोज. जुलैपासनं. आकडा टिकावा म्हणून."

मी ह्यांच्याकडे बघितलं. लसूण! चार महिने मी बाजारातल्या लसणाला शिव्या घातल्या होत्या. राग आला असता, पण हे कबुली देऊन तसेच उभे होते. मुलीच्या वेळी पायऱ्यांवर होतं तसंच तोंड झालं होतं.

"पपईनं जनुक बदलत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डेंग्यूतही प्लेटलेट बहुतेक आपोआपच चढतात. बसा तुम्ही."

हे बसले नाहीत. "तुमी समजूत घालताय."

तेव्हा मी पिशवी उघडली. मी येताना खणातले कागद घेऊन आले होते, दाखवायचं की नाही हे न ठरवता. दोन घड्या उलगडून टेबलावर ठेवल्या. दोन वर्षांपूर्वीची तपासणी: पाच लाख नव्वद हजार. गेल्या वर्षीच्या जुलैची: सहा लाख चाळीस हजार. तारखा ह्यांच्या बोटांखाली धरल्या.

"हे बघा. तेव्हा पोरीला डेंग्यू झाला नव्हता. तेव्हा झाडही नव्हतं. सांगा, पपई कुठं होती?"

ह्यांनी दोन्ही कागद मापं तपासावीत तसे पुन्हा पुन्हा वाचले आणि मग खाली बसले. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "हे असताना नाहीत म्हणालात?"

"हो. आणि मिरच्याही मी कुटत नाही. बोटं जळतात."

त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटसुलट बघितले आणि म्हणाल्या की हे ह्याच आजारातलं आहे, आणि बहुतेक ह्याला औषध साधं आहे. वय सेहेचाळीस, कधी गुठळी झालेली नाही, म्हणून आत्ता आकडा उतरवायचं औषध नको. रोज जेवणानंतर कमी ताकदीची ॲस्पिरिनची गोळी, ठरावीक दिवसांनी मोजणी. बोलणं अडखळलं, एक हात लुळा वाटला तर वाट न बघता दवाखाना. बाकी पुष्कळ लोक हे घेऊन भरपूर जगतात.

गोळी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत जळजळ गेली. एका दुपारी लाइनवर वायर ओढताना माझ्या लक्षात आलं की आज मला बोटं आठवलीच नाहीत.

हे झाड तोडायला निघाले होते. मी कोयता काढून घेतला, पपईचा काही दोष नाही म्हटलं. आता चटणी गोड असते आणि डब्याच्या झाकणात गोळी चिकटवलेली असते. गेल्या महिन्यात झाकणावर कंपनीतला एक लाल टॅगही बांधलेला होता, तो ह्यांनी माझ्याच पर्समधून काढला असणार. त्यावर ह्यांच्या टूलरूमच्या अक्षरात लिहिलं होतं: तीन रिपोर्ट न वाचता पास केलेस, आता मी तपासणार.