हाय म्हणणाऱ्याला किती उत्तर द्यावं

हॅलोमावशींचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदावर होतं आणि तिथेच ते सुखात होतं. एकतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काढली होती. दिवा लागला की बटण दाबायचं, "नमस्कार, कोण हवंय?" म्हणायचं आणि गप्प बसायचं. पहिली दोन कामं कुणालाही जमतात, तिसरं शिकायला आपल्याला चार वर्षं लागली, असं त्या सांगत.

निवृत्तीनंतर महिनाभर त्यांनी घरातली कपाटं लावली. मग कपाटांनाच त्यांचा कंटाळा आला असावा. तेव्हा भाचीने त्यांना आपल्या ऑफिसात ओढलं. ऑफिस म्हणजे लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. इस्त्रीची वाफ खिडकीतून आत यायची आणि सगळ्यांचे कपडे आपोआप नीट दिसायचे. भाचीने 'मदतनीस' नावाची सेवा काढली होती. मोठ्या इमारतींच्या चॅट ग्रुपमध्ये हा मदतनीस सभासदासारखा असायचा. एरवी मुकाट सूचना वाचून लक्षात ठेवायचा आणि कुणी नावाने टॅग केलं किंवा त्याच्या ओळीखाली उत्तर लिहिलं तरच बोलायचा. तो चालवणारा प्रोग्रामर दाढीवाला, अबोल. मदतनिसाच्या तोंडची वाक्यं लिहायला मावशी.

"पण स्वागताचं वाक्य माझंच राहू दे," असं भाची पहिल्याच दिवशी म्हणाली होती. ते वाक्य बावीस ओळींचं होतं.

एकशे चाळीस घरांच्या एका इमारतीने मदतनीस महिन्याभरासाठी घेऊन बघितला. शेवटच्या रविवारच्या बैठकीत त्याला ठेवायचं की काढायचं हे ठरणार होतं. भाचीकडे तोवर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ही इमारत गेली तर दोन खोल्यांना कुलूप लागणार, हे तिने सांगितलं नव्हतं. मावशींनी ते तिच्या चहा ढवळण्यावरून ओळखलं होतं.

त्या शेवटच्या आठवड्यातला सोमवार. साडेनऊला इमारतीच्या देखभालवाल्यांनी ग्रुपवर लिहिलं की टाकी धुवायची आहे, दहाला पाणी बंद. दोन मिनिटांनी सातव्या मजल्यावरच्या आजोबांनी मदतनिसाला टॅग करून लिहिलं, "हाय". बस्स, तेवढंच.

मदतनीस पाघळला. मी कोण, मी काय काय करतो, तक्रार कशी द्यावी, गाडी कुठे लावावी, खाली सात पर्याय, प्रत्येकापुढे एक चित्र. चौथ्या मजल्यावरच्या शिक्षिकेने लिहिलं, "अय्या, बघू बघू," आणि तिनेही हाय केलं. पुन्हा बावीस ओळी. पाहता पाहता सात जणांनी हाय केलं. टाकीची सूचना कुठल्या कुठे वर गेली. दहा वाजता इमारतीचे सेक्रेटरी डोक्याला शाम्पू लावून नळाखाली उभे होते आणि नळ फुसफुसत होता.

ते पंचा गुंडाळूनच भाचीला फोनवर बोलले. "बाई, तुमचा तो मदतनीस आणखी एकदा असा वाहिला ना, तर रविवारची वाट बघणार नाही मी. डोळे चुरचुरतायत माझे."

"लांब बोलला म्हणून माफी मागायला लावतो," प्रोग्रामर म्हणाला आणि त्याने तसं केलंही. मंगळवारी आजोबांनी हाय केल्यावर मदतनिसाने आधी सहा ओळींत दिलगिरी व्यक्त केली आणि मग बावीस ओळी सांगितल्या.

"आता अठ्ठावीस झाल्या," मावशी म्हणाल्या. "प्रगती आहे. सेक्रेटरी आज गावाला गेलेत म्हणून वाचलो."

"मग हायला उत्तरच नको देऊ या," प्रोग्रामर म्हणाला. "त्यात प्रश्न कुठे आहे?"

"दिवा लागला आणि उचललाच नाही, असं? अरे, तो माणूस फक्त बघतोय, पलीकडे कुणी आहे का. काम तो नंतर सांगणार. आपण त्याला सगळी डिरेक्टरी वाचून दाखवतोय. तो विसरूनच जातो कशाला आला होता ते."

भाचीने वही बंद केली. "मावशे, तूच लिही. पण माझ्या बावीस ओळींचं काय?"

"कुणी विचारलं की तू काय काय करतोस, तर त्याला एकट्याला द्यायच्या, त्याच्या खासगी चॅटमध्ये. ग्रुपला कशाला?"

बुधवारी मावशींचं उत्तर लागलं. आजोबांनी हाय केलं. मदतनीस म्हणाला, "बोला."

आजोबांनी लगेच लिहिलं, "हे कोणत्या शाळेत शिकलं?" खाली बारा जणांनी हसून घेतलं. भाचीने मावशींकडे पाहिलं नाही, ते जास्त लागलं. एकतीस वर्षांत असा टोमणा त्यांनी खाल्ला नव्हता.

"नमस्कार गाळला मी," त्या पुटपुटल्या. "कात्री जरा जास्तच चालली."

गुरुवारी त्या प्रोग्रामरच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "लिही. 'नमस्कार. बोला, काय हवं आहे?' एकच ओळ. आणि ज्याने हाय केलं त्याच्याच मेसेजला जोडून, म्हणजे बाकीचे दचकणार नाहीत."

"आणि वीस जणांनी हाय केलं तर? वीस ओळी होतील."

हा विचार मावशींनी केला नव्हता. मग त्यांना बोर्ड आठवला, भेटीच्या वेळेआधी एकदम पेटणारे सगळे दिवे. "पहिल्याला ओळ. त्यानंतर दहा मिनिटांत नुसतं हाय करणाऱ्यांना फक्त हाताची खूण, त्यांच्या मेसेजवरच चिकटवलेली. नवी ओळ नाही. पण हायबरोबर काम लिहिलं असेल, तर सरळ कामाचं उत्तर. आणि काम नाही, नुसता निरोप असेल, तर अंगठा."

शनिवारी सकाळी देखभालवाल्यांनी लिहिलं की अकरा ते एक लिफ्ट बंद, दुरुस्ती आहे. पाठोपाठ आजोबांचं हाय आलं आणि त्यामागे जिन्यावरून उतरल्यासारखी रांग लागली. शिक्षिकेने कट केला होता, मदतनिसाला वाहवायचंच म्हणून. एकोणीस जण.

ऑफिसात भाचीने डोळे मिटले. "सांग काय चाललंय."

"आजोबांना एक ओळ गेली," मावशी म्हणाल्या. "बाकी अठरांना हात. गप्प आहे शहाणा."

तेवढ्यात आजोबांनी त्या ओळीखाली लिहिलं, "नमस्कार. अकराला डॉक्टरकडे निघायचंय. लिफ्ट आहे ना?"

मदतनीस म्हणाला, "लिफ्ट अकरा ते एक बंद आहे. त्याआधी उतरावं लागेल."

आजोबा पावणेअकराला उतरले. त्यांच्याबरोबर लिफ्टमधून सेक्रेटरीही उतरले, कारण ग्रुपच्या तळाशी लिफ्टचं ते उत्तरच दिसत होतं.

रविवारच्या बैठकीत शिक्षिका म्हणाली, "काल ग्रुप केवढा वाहिला, बघितलंत ना?"

"बघितला," सेक्रेटरी म्हणाले. "मोजलासुद्धा. मदतनिसाच्या दोन ओळी, तुमच्या एकोणीस. काढायचंच म्हटलं तर कुणाला काढू, बाई?"

शिक्षिकेने पर्समधला रुमाल शोधायला सुरुवात केली. आजोबा म्हणाले, "आता कसं, नीट बोलतं ते. राहू द्या."

ऑफिसात तिघं भाचीच्या फोनभोवती बसले होते. दुपारी ग्रुपवर सेक्रेटरींनी मदतनिसाला टॅग केलं. "हाय."

"नमस्कार. बोला, काय हवं आहे?"

"काही नाही. ठेवतोय तुला, एवढंच सांगायचं होतं."

भाची ताडकन उठली. "मावशे, आभाराचं काहीतरी लिहू या. दोनच ओळी."

मावशींनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. पडद्यावर सेक्रेटरींच्या मेसेजला मदतनिसाची अंगठ्याची एक छोटी खूण चिकटली आणि ग्रुप शांत झाला.